पाऊण गुंठ्याचं पत्र

नांगराचं एक तास किती रुंद असतं? सहा इंच धरू, म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटर. बांधाच्या कडेला नांगर वळवताना फाळ एवढाच आत सरकला, तर पाहणाऱ्याला काही कळणारही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच. आठ वर्षांनी बांध सव्वा मीटरच्या आसपास सरकलेला असतो आणि या आठ वर्षांत असा एकही दिवस सापडत नाही, ज्या दिवशी कुणी कुणाची जमीन बळकावली असं बोट ठेवून म्हणता येईल. दुधात रोज चमचाभर पाणी घालावं, तसं हे काम. याला आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात.

आता आकडे मांडून पाहू. समजा, तुमच्या गटाची पूर्वेची बाजू 110 मीटर लांब आहे. मोजणी केल्यावर दिसलं, की उत्तर टोकाला बांध 1.2 मीटर आत आलाय आणि दक्षिण टोकाला 0.4 मीटर. पाचरीच्या आकाराचा तुकडा. सरासरी रुंदी 0.8 मीटर, म्हणजे क्षेत्र 88 चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, सुमारे 101 चौरस मीटर. पाऊण गुंठ्याहून थोडी जास्त जमीन कुणालाही न दिसता शेजाऱ्याच्या शेतात गेली!

अशा वेळी माणसं दोनच रस्ते पाहतात: एकतर कुऱ्हाड-काठी, नाहीतर वकिलाची नोटीस. मधे एक तिसरी गोष्ट असते, तिच्याबद्दल हा लेख. साध्या मराठीत, स्वतःच्या सहीने शेजाऱ्याला लिहिलेलं मागणीपत्र. दिसायला पानभर मजकूर. पण त्यातलं एकेक वाक्य कायद्याच्या किती खोल विहिरीत उतरलेलं असतं ते पाहिलं, की मी तरी थक्क होतो.

पहिलं आश्चर्य: हे पत्र कायदा मागतच नाही. सरकारवर दावा लावायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडेकरूला काढायचं असेल तर त्याचे नियम वेगळे. पण तुमच्या जमिनीत घुसलेल्या खासगी माणसावर तुम्ही उद्या सकाळी, एक अक्षरही न कळवता, दावा दाखल करू शकता. मग पत्र लिहायचं कशासाठी?

त्यासाठी आधी एक घड्याळ समजून घ्यावं लागेल. मुदतीच्या कायद्यात (हा 1963 चा) अनुच्छेद 65 आहे. मालकीच्या जोरावर जमिनीचा ताबा परत मागायचा, तर मुदत बारा वर्षं. ही बारा वर्षं मोजायची समोरच्याचा ताबा मालकाविरुद्ध, उघड आणि हक्क सांगून सुरू झाला त्या दिवसापासून. आता हे ऐका: उसने दिलेले पैसे मुदतीत मागितले नाहीत तर दावा बुडतो, पण कर्ज कर्जच राहतं, ऋणकोने मनाने फेडलं तर ते घ्यायला तुम्ही मोकळे. जमिनीचं तसं नाही. त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं, की ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की मालकाचा हक्कच विझतो. दावा तर जातोच, मालकीही जाते. सातबाऱ्यावर नाव तुमचं, खरेदीखत तुमच्या कपाटात, आणि जमीन मात्र दुसऱ्याची!

घाबरू नका, कायद्याने पारडं मालकाच्या बाजूला बरंच झुकवलेलं आहे. 1908 च्या जुन्या कायद्यात ताब्यातून काढलेल्या मालकालाच सिद्ध करावं लागे, की गेल्या बारा वर्षांत आपण कधीतरी ताब्यात होतो. 1963 ने हे उलटं केलं. आता मालकाने मालकी दाखवली की पुरे. ‘मी बारा वर्षं उघडपणे, अखंड, मालकाला न जुमानता बसलोय’ हे सिद्ध करण्याचं ओझं बसणाऱ्यावर. ताबा कुठल्या तारखेपासून, कशा प्रकारचा, मालकाला माहीत होता का, हे सगळं त्याने नेमकेपणानं मांडायचं. दरवर्षी सहा इंच सरकणाऱ्या बांधाबाबत हे सिद्ध करणं महाकठीण. बारीक विचार केला तर प्रत्येक वर्षीच्या पट्टीचं घड्याळ वेगळं चालतं! पहिल्या वर्षी कोरलेल्या सहा इंचांची आठ वर्षं झाली, शेवटच्या सहा इंचांचं जेमतेम एक. एकाच बांधावर आठ घड्याळं.

आणि आता पत्राकडे येऊ. बहुतेकांची समजूत असते, की पत्र पाठवलं, की घड्याळ थांबलं. नाही थांबत. तुम्ही दरवर्षी एक पत्र पाठवा, बारा पत्रं पाठवा, घड्याळ टिकटिक करतच राहणार. ते थांबतं दावा दाखल केल्यावर किंवा प्रत्यक्ष ताबा परत मिळाल्यावर. मालकाच्या पत्राची ताकद इथे शून्य.

पण शेजाऱ्याच्या उत्तराची? इथे गंमत आहे. मुदतीच्या कायद्याचं कलम 18 म्हणतं, की मुदत संपण्याआधी समोरच्याने लेखी आणि सही करून मालमत्तेबद्दलची आपली जबाबदारी कबूल केली, तर त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजायची. शिवाय ‘मी मालकाला न जुमानता बसलोय’ या त्याच्या संभाव्य बचावाची हवाच निघून जाते. मालक कोण हे त्यानेच लिहून दिलं ना! म्हणजे तुमच्या पानभर मजकुराने जे होत नाही, ते शेजाऱ्याच्या ‘हो, हरभरा निघाला की जागा सोडतो’ या एका ओळीने होतं. साध्या पत्राचं सगळं रहस्य यात आहे. ते लिहायचं असतं अशा बेताने, की समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटेल.

वकिलाची नोटीस हे करू शकत नाही. ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ ही ओळ वाचली, की शेजारी तडक स्वतःचा वकील गाठतो, आणि तो वकील पहिल्याच परिच्छेदात सगळं नाकारतो. नाकारणं हे त्याचं कामच आहे. साध्या पत्राला मात्र माणूस साधं उत्तर देतो, निदान देण्याची शक्यता असते. कबुली हवी असेल तर भाषा घरातलीच हवी.

पण घरातली भाषा म्हणजे ढिसाळ भाषा नव्हे. पत्राआधी एक गोष्ट हातात हवी: मोजणी. सातबारा पुरत नाही, कारण सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द कुठून जाते ते सांगत नाही. गावनकाशा हद्द दाखवतो, पण लहान प्रमाणाच्या नकाशावरची ती बारीक रेघ जमिनीवर फूट-दोन फूट भरू शकते. सव्वा मीटरच्या भांडणात तिच्या भरवशावर कसं बसायचं? म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज करायचा. भूकरमापक येतो, त्याआधी लगतच्या खातेदारांना तारखेची नोटीस जाते. तो मूळ अभिलेखावरून हद्दीच्या खुणा जागेवर दाखवतो आणि नंतर नकाशाची प्रत मिळते. तिला गावात ‘क प्रत’ म्हणतात. कुणाचं अतिक्रमण असेल तर नकाशात ती पट्टी वेगळी दाखवलेली असते. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून मागू शकतो. तिला निमताना मोजणी म्हणतात. हा त्याचा हक्क आहे, आणि पत्रात तो आपणहून सांगितला तर पत्राचं वजन वाढतंच.

आता पत्रच पाहू. गट क्रमांक आणि तारखा मनाने घातल्या आहेत.

‘अण्णा, सप्रेम नमस्कार. तुमचा गट 215 आणि माझा गट 214 यांच्यामधल्या बांधाबद्दल लिहीत आहे. 10 जानेवारीला माझ्या गटाची मोजणी झाली, तेव्हा तुम्हालाही नोटीस होती. मोजणीच्या नकाशाप्रमाणे माझ्या पूर्व हद्दीच्या आत तुमची वहिवाट दिसते: उत्तर टोकाला 1.2 मीटर, दक्षिण टोकाला 0.4 मीटर, एकूण सुमारे 88 चौरस मीटर. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. ही जागा माझ्या मालकीची आहे. तिच्यात सध्या तुमचा हरभरा उभा आहे. तो तुम्ही काढून न्यावा, माझी हरकत नाही. त्यानंतर 31 मार्चपर्यंत ही पट्टी मोकळी करावी. तिथे नवी पेरणी, पाइपलाइन, कुंपण किंवा कसलंही बांधकाम करू नये. मोजणीबद्दल शंका असेल तर पुन्हा मोजून घ्या, मी हजर राहीन. तुमचं म्हणणं 15 फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावं. त्यानंतर मला पुढची कायदेशीर पावलं उचलावी लागतील. आपला,’ आणि खाली सही, तारीख.

एवढंच! यात एकही कलम नाही, धमकी नाही, ‘फौजदारी’ हा शब्द नाही. आता एकेका वाक्याखाली काय दडलंय ते उकरू.

‘तुमची वहिवाट दिसते’ या वाक्यात काय नाही ते आधी बघा. ‘गेली पंधरा वर्षं तुम्ही माझी जमीन दडपून खाताय’ असं लिहिण्याचा मोह प्रत्येक मालकाला होतो. राग खरा असतो, वर्षं मात्र अंदाजाने फेकलेली असतात. हेच वाक्य शेजाऱ्याचा वकील पुढे कोर्टात फ्रेम करून लावतो: मालक स्वतःच लिहितोय, की पंधरा वर्षं उघड ताबा होता, त्याला माहीत होतं आणि तो त्याच्या मर्जीविरुद्ध होता. बारा वर्षांचं जे ओझं शेजाऱ्याच्या डोक्यावर होतं, ते तुम्ही शिव्यांच्या भरात उचलून दिलंत. म्हणून पत्रात फक्त आज काय दिसतं आणि कुठल्या तारखेच्या मोजणीत दिसलं, तेवढंच.

‘उत्तर टोकाला 1.2, दक्षिण टोकाला 0.4’ हे आकडे का? ‘माझी थोडी जमीन’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. ‘तुमची काही जमीन असेल तर सोडू’ यातून काय सिद्ध होणार? पण 88 चौरस मीटरच्या पत्राला ‘सोडतो’ असं उत्तर आलं, की ती कबुली नेमक्या त्या पाचरीला चिकटते. शिवाय पुढे दावा करावाच लागला तर मागायची जागा नकाशासह ओळखू येण्यासारखी द्यावी लागते. ते काम इथेच झालेलं असतं.

सगळ्यात सुंदर कारागिरी हरभऱ्याच्या वाक्यात आहे. वरवर तो शेजारधर्म वाटतो. कुणाचं उभं पीक मोडायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पण त्याच वाक्याने पट्टीत येण्याजाण्याची परवानगी तुम्ही दिलीत, आणि अण्णांनी ती घेतली तर ते मालकाच्या परवानगीने आले, मालकाला झुगारून नव्हे. परवानगीचा ताबा कितीही वर्षं चालला तरी तो विरोधी ताबा होत नाही.

मग परवानगी आणखी सढळ का देऊ नये? ‘यंदाचं वर्ष कसा, पुढच्या वर्षी सोडा’ असं का लिहू नये? थांबा, इथे दुसरी विहीर आहे. महाराष्ट्राच्या 1948 च्या कूळकायद्याचं कलम 4 म्हणतं, की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो, काही अपवाद सोडले तर, कूळ मानला जातो. घुसखोर कायदेशीरपणे कसत नसतो. पण तुम्ही ‘कसा’ म्हणालात की त्याच्या कसण्याला कायदेशीरपणाचा रंग चढतो आणि कुळाचा दावा पुढे येऊ शकतो. पट्टीचे पैसे किंवा पिकातला वाटा घेतलात तर आणखीच. म्हणून पत्र म्हणतं ‘पीक काढून न्यावं’, आणि लगेच पुढे म्हणतं ‘नवी पेरणी करू नये’. मायेचं वाक्य आणि कुंपण शेजारी शेजारी!

आणि पाइपलाइन, बांधकाम यांचा उल्लेख? 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 60 मुळे. तुमच्या परवानगीवर विसंबून समोरच्याने खर्च करून कायमचं काम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. एका ओळीने ही वाट बंद होते. एका साध्या पत्रात तीन कायदे मुकाट बसलेत आणि वाचणाऱ्याला फक्त हरभरा दिसतो.

पुन्हा मोजणीचं आमंत्रण हे सौजन्य तर आहेच, पण तो सापळाही आहे, प्रामाणिक सापळा. अण्णांनी मोजणी मागवली तर वाद नकाशावर मिटू शकतो. नाही मागवली तर पुढे ‘मोजणी चुकीची होती’ म्हणताना त्यांना विचारलं जाईल: मग तेव्हा पुन्हा का नाही मोजून घेतलीत?

पत्र हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळालं’ अशी सही-तारीख घ्या, किंवा पोच मिळेल अशा टपालाने धाडा. अण्णांनी पोस्टमनला ‘नको’ म्हटलं तर? बरोबर पत्त्यावर गेलेलं आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलेलं पत्र कोर्ट सहसा मिळालेलंच धरतं. तो परत आलेला लखोटा फोडू नका. आहे तसा जपून ठेवा, बंद असण्यातच त्याचा पुरावा आहे. फोनवरच्या संदेशात ‘हो दादा, सोडतो’ आलं तर ठेवा जरूर, पण त्यावर निर्धास्त राहू नका. कलम 18 ला सही लागते आणि संदेशात सही आहे की नाही यावरच वेगळं भांडण रंगेल. आणि हे पत्र गावाच्या ग्रुपवर टाकू नका. चारचौघांत चोर ठरलेला माणूस कबुली देत नाही, तो अब्रूसाठी लढतो.

राहता राहिला प्रश्न कुऱ्हाडीचा. जमीन माझी, नकाशा माझ्याकडे. मग सरळ ट्रॅक्टर घालून बांध मागे का नेऊ नये? कारण विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6 (हाही 1963 चाच) एक अजब गोष्ट करतं. कायद्याची वाट सोडून ज्याला ताब्यातून हुसकलं, तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हे पाहिलंच जात नाही. स्थिर ताब्यातल्या माणसाला मालकानेही दांडगाईने काढायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये रामे गौडा खटल्यात पुन्हा सांगितलं. ट्रॅक्टर घातलात तर खरा मालक प्रतिवादी होतो आणि बांध कोरणारा वादी!

उत्तरच आलं नाही, तर तेही काही अगदी वाया जात नाही. नकाशा जोडलेलं, आकडे दिलेलं पत्र मिळूनही माणूस गप्प राहिला, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ कोर्ट त्याच्याविरुद्ध लावू शकतं. लावेलच असं मात्र नाही. तिथून पुढे वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. हद्दीचा निवाडा झाला असेल तर जमीन महसूल संहितेतल्या कलम 138 खालची जिल्हाधिकाऱ्यांकडची वाटही असते. त्या प्रत्येक ठिकाणी हे पान पहिला कागद म्हणून जोडलं जातं.

फक्त एक हिशेब पत्राआधी करा. घरातल्या जुन्याजाणत्यांना विचारून, बांध सरकू लागल्याचं सगळ्यात जुनं वर्ष कागदावर लिहा आणि त्यात बारा मिळवा. ते साल दोन-तीन वर्षांवर असेल तर पत्र जरूर लिहा, पण मुदत पंधरा दिवसांचीच द्या. ते साल हेच असेल, किंवा उलटून गेल्याची शंका असेल, तर पत्र लिहीत बसू नका. मोजणीचा नकाशा घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा आणि दावा दाखल करा.